स्क्रीन काळी पडलेल्या, पण चालू असलेल्या फोनमधून फोटो आणि नंबर कसे काढावेत

गेल्या जूनमध्ये रावेर तालुक्यातले माझे मामा भुसावळला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढून माझ्या हातात ठेवला. केळीची गाडी भरताना तो सिमेंटच्या ओट्यावर पालथा पडला होता. काचेच्या एका कोपऱ्यातून जाळीसारख्या चिरा निघाल्या होत्या आणि स्क्रीन पूर्ण काळी झाली होती, पण आदल्या दिवसापासून फोनवर रिंग वाजत होती. त्यात वादळाने आडव्या झालेल्या बागेचे फोटो होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्यापारी, कापणीचे मजूर आणि गाडीवाले यांचे सगळे नंबर होते. "एका दुकानात दाखवला, तर तो म्हणे डेटा गेला समजा," असे मामा म्हणाले. डेटा गेलेला नव्हता. दोन तासांत आम्ही तो काढला. तो कसा काढला, आणि कोणत्या ठिकाणी तो खरोखरच जाऊ शकला असता, हे इथे क्रमाने लिहीत आहे. हे सगळे अँड्रॉइड फोनविषयी आहे. फोनच्या मालकाला स्वतःचा पिन आठवतो, आणि फोन फुटण्यापूर्वी त्याने कोणतीही विशेष सेटिंग करून ठेवलेली नाही, असे मी गृहीत धरले आहे, कारण बहुतेकांची स्थिती हीच असते.

फोन बंद करू नका

काळी स्क्रीन दिसली की माणूस पहिल्यांदा पॉवरचे बटण दाबून धरतो. नेमके हेच टाळायचे आहे. फोनमधले फोटो आणि नंबर स्क्रीनमध्ये नसतात. ते आतल्या बोर्डावरच्या साठवणुकीच्या चिपमध्ये असतात आणि तिथे ते कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या स्वरूपात असतात. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या सर्व फोनना हे कुलूप सक्तीचे आहे. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकला की हे कुलूप उघडते आणि फोन पुन्हा बंद होईपर्यंत आतून उघडेच राहते, मग वरून स्क्रीन लॉक झालेली असली तरी. म्हणूनच चालू फोन बोटाच्या ठशाने उघडतो, पण बंद करून सुरू केलेला फोन ठसा स्वीकारत नाही आणि पिनच मागतो. ज्याच्या फोनला बाजूच्या बटणावर ठशाचा सेन्सर आहे, त्याच्यासाठी फोन चालू राहणे म्हणजे न दिसणाऱ्या पडद्यावरही एका स्पर्शात उघडणारे दार आहे. ही सवलतसुद्धा कायमची नसते. साधारण ७२ तास पिन टाकलेला नसेल तर फोन ठसा नाकारून पिन मागतो. स्क्रीनच्या आत ठसा घेणारा फोन असेल तर मात्र काळ्या स्क्रीनवर त्याचा भरवसा नाही, कारण त्या प्रकारचे बहुतेक सेन्सर स्क्रीनच्याच प्रकाशावर चालतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबत राहिल्यास फोन रिकव्हरीच्या पानावर जाऊ शकतो, आणि त्या पानावर सगळा डेटा पुसण्याचा पर्याय असतो. न पाहता बटणे दाबत राहणे तिथे फार महागात पडते. तेव्हा फोन चार्जरला लावा, बॅटरी संपू देऊ नका आणि बटणांशी खेळू नका. मागचे झाकण फुगलेले दिसत असेल किंवा फोन विचित्र गरम होत असेल, तर मात्र चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि तो आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. पडलेल्या फोनची बॅटरी दबलेली असू शकते.

फोन जिवंत आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून कळते. दुसऱ्या फोनवरून कॉल केल्यावर तो वाजतो किंवा थरथरतो. चार्जर लावल्यावर आवाज येतो. आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत स्क्रीनवर अगदी तिरका धरला, तर काही फोनवर पुसट चित्र दिसते. असे चित्र दिसले तर स्क्रीन एलसीडी प्रकारची आहे आणि फक्त तिच्या मागचा दिवा गेला आहे. अशा वेळी टॉर्च धरूनच काम उरकता येते. एमोलेड स्क्रीनवर हे घडत नाही. मामांच्या फोनवर काहीही दिसले नाही.

यानंतर स्पर्श चालतो का ते पाहायचे. दुसऱ्या फोनवरून कॉल लावा, आणि रिंग वाजत असताना कॉल उचलण्यासाठी नेहमी जिथे बोट ओढता तिथे ओढून पाहा. कॉल उचलला गेला, तर वरची काच जिवंत आहे आणि पुढचे काम निम्म्याने सोपे झाले. मामांनी दहा वेळा ओढून पाहिले, कॉल उचलला गेला नाही.

आधी फोनच्या बाहेर काय आहे ते पाहा

कष्ट करण्यापूर्वी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच गुगल खात्याने contacts.google.com आणि photos.google.com उघडून पाहावे. अनेकांना आपले नंबर आणि फोटो तिथे आधीच पोचलेले आहेत याची कल्पना नसते. अडचण अशी येते की खात्यात शिरताना गुगल खात्रीसाठी सूचना पाठवते ती त्याच काळ्या फोनवर. अशा वेळी Try another way निवडून पासवर्ड किंवा अन्य मार्ग पाहावा. एसएमएसने कोड हवा असेल, तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे लागते, आणि काही फोन सिम काढताच रीस्टार्ट होतात. म्हणून सिमला हात लावण्याचा मार्ग शेवटी ठेवावा.

मामांच्या खात्यात ४१ नंबर सापडले आणि फोटो दोन वर्षांपूर्वी थांबलेले होते. फोटोंचा बॅकअप कधीतरी बंद झाला होता. नंबरांचे कारण वेगळे आणि गावोगाव तेच आहे: नंबर सेव्ह करताना फोन कुठे ठेवायचे ते विचारतो, आणि Device किंवा Phone निवडले तर तो नंबर त्या फोनमध्येच राहतो, गुगलकडे जात नाही. मामांचे उरलेले नंबर असेच फोनच्या पोटात होते.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते कार्ड रीडरमध्ये घालून पाहता येते. ते साध्या पद्धतीने वापरले असेल तर फोटो थेट दिसतील. फोनने ते आतल्या साठवणुकीचा भाग म्हणून बांधून घेतले असेल, तर मात्र त्यातला मजकूर दुसरीकडे वाचता येत नाही. अशा वेळी कार्ड फॉरमॅट करण्याविषयी संगणक विचारेल. त्याला होकार देऊ नका.

खरी अडचण कुठे आहे

संगणकाला केबल जोडली की फोनचे नाव दिसते, पण उघडल्यावर आत काहीच नसते. यामुळे लोक घाबरतात. अँड्रॉइड ६ पासून फोन केबलला जोडल्यावर फक्त चार्ज होतो. फाइली दाखवण्यासाठी फोन उघडून File transfer हा पर्याय निवडावा लागतो. म्हणजे आपल्याला दोनच गोष्टी साधायच्या आहेत: न पाहता फोन उघडणे आणि न पाहता एक पर्याय निवडणे. पुढची सगळी खटपट याचसाठी आहे.

केबल डेटाची असली पाहिजे. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, आणि ती जोडली तर संगणकाला फोनचा पत्ताच लागत नाही. फोनसोबत आलेली मूळ केबल घ्यावी.

लोक साधारणपणे ओटीजी जोडणीने, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या छिद्रालाच उपकरण लावू देणाऱ्या जोडणीने, यूएसबी कीबोर्ड लावण्याचा सल्ला देतात. पिन टाकण्यासाठी तो चालतो, पण एक पेच आहे. फोनला एकच छिद्र असते. त्यात कीबोर्ड असताना संगणकाची केबल लावता येत नाही, आणि कीबोर्ड काढून केबल लावली की File transfer निवडायला हातात काही उरत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून सुरू करावी लागते, ती बंद असेल तर कीबोर्ड चालतच नाही. ज्याच्या फोनचा स्पर्श चालतो, त्याला हा पेच नाही. तो कीबोर्डने उघडून बोटाने पर्याय निवडू शकतो.

ज्याचा स्पर्शही गेला आहे, त्याच्यासाठी मला सर्वात उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे `scrcpy` हा मोफत प्रोग्राम. तो बहुतेकांना फोनची स्क्रीन संगणकावर दाखवणारा म्हणून माहीत असतो, आणि त्यासाठी फोनमध्ये USB debugging, म्हणजे केबलवरून संगणकाला फोन चालवू देणारी सेटिंग, आधीच सुरू असावी लागते, म्हणून लोक तो सोडून देतात. पण १.२४ या आवृत्तीपासून त्यात आणखी एक पद्धत आहे. तीत संगणक त्याच डेटा केबलवरून फोनला "मी कीबोर्ड आणि माउस आहे" असे सांगतो, आणि त्यासाठी फोनमध्ये कोणतीही सेटिंग लागत नाही. केबल एकच राहते, फोन चार्ज होत राहतो आणि ओटीजीची गरजही संपते.

```
scrcpy --otg
```

हे काम मी विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली असलेल्या लॅपटॉपवर करतो आणि इतरांनाही तेच सुचवतो. विंडोजवर ही पद्धत ड्रायव्हरमुळे बऱ्याचदा अडते आणि फोन सापडत नाही असा संदेश येतो. त्यात, केबलवरून फोनला आज्ञा देणारा `adb` हा प्रोग्राम फोनशी बोलत असताना ही पद्धत तिथे त्याच फोनला हात लावू शकत नाही, आणि पुढे आपल्याला दोन्ही एकाच वेळी लागणार आहेत. ओळखीत उबुंटूचा लॅपटॉप नसेल, तर पेनड्राइव्हवरून तात्पुरते उबुंटू सुरू करूनही काम भागते. टर्मिनलमध्ये वरची आज्ञा दिल्यावर एक छोटी रिकामी खिडकी उघडते. तिच्यावर क्लिक केल्यावर संगणकाचा कीबोर्ड आणि माउस फोनकडे जातात. परत घेण्यासाठी डावे `Alt` दाबायचे.

ऐकून फोन चालवणे

डोळ्यांऐवजी आता कान वापरायचे. अँड्रॉइडमध्ये दृष्टिहीनांसाठी टॉकबॅक नावाची सोय असते, जी निवडलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते. आवाजाची दोन्ही बटणे एकत्र ३ सेकंद दाबून धरा. काही फोनवर खात्रीसाठी तेच पुन्हा करावे लागते. बोलणे सुरू झाले की टॉकबॅक चालू झाले. तसे झाले नाही तर फोन उघडल्यावर गुगल असिस्टंटला "टर्न ऑन टॉकबॅक" असे सांगून पाहावे. मामांच्या फोनमध्ये पहिल्या दाबण्यात काही झाले नाही, दुसऱ्यांदा आवाज आला. तो आवाज ऐकल्यावर मामांचा चेहरा एकदम निवळला, कारण दोन दिवसांत फोनने त्यांना प्रथमच काही सांगितले होते.

मग फोन उघडायचा. मामांचा फोन बंद झालेला नव्हता, म्हणून त्यांनी बाजूच्या बटणावर अंगठा ठेवला आणि टॉकबॅकने मुख्य पडद्याचे नाव वाचले. ज्यांच्याकडे ठशाची सोय नाही त्यांनी कीबोर्डवर स्पेस दाबून स्क्रीन जागी करावी, पिनच्या पानाचा आवाज ऐकावा, आकडे सावकाश टाकावेत आणि `Enter` दाबावे. चुकले तर लगेच पुन्हा टाकू नका. बहुतेक फोनवर पाच चुका झाल्या की ३० सेकंद थांबावे लागते आणि पुढे ही वाट वाढत जाते. काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळा डेटा आपोआप पुसण्याची सेटिंगही असते. प्रत्येक प्रयत्न कागदावर मांडत जा. पिनऐवजी रेषांचा पॅटर्न असेल तर कीबोर्ड उपयोगाचा नाही. स्पर्श चालत असेल तर बोटाने काढा, नाहीतर थेट तात्पुरत्या डिस्प्लेच्या मार्गाकडे वळा, तो शेवटी सांगितला आहे.

उघडल्यानंतर `Tab` आणि बाणांच्या कळांनी एकेका गोष्टीवर जायचे, टॉकबॅक ती वाचते, आणि हवी ती आली की `Enter`. मागे जायला `Esc`. हे ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात माणूस तिसऱ्या पानावर वाट चुकतो. त्यावर माझा उपाय म्हणजे जुळा फोन. त्याच मॉडेलचा, शक्यतो अँड्रॉइडच्या त्याच आवृत्तीचा फोन शेजारीपाजारी शोधावा. आमच्या नात्यात तो मामेबहिणीकडे सापडला. तो फोन `scrcpy --otg` ला जोडून आधी डोळ्यांनी बघत वाट पक्की करायची: Settings मध्ये किती वेळा खाली, कुठे `Enter`, कोणत्या पानावर टॉकबॅक काय म्हणते. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. "खाली ११, एंटर, खाली ४, एंटर" अशा ओळी, आणि प्रत्येक ओळीसमोर ऐकू यायचे शब्द. मग मामांचा फोन जोडला. मी कळा दाबत होतो आणि मामेबहीण वही वाचत होती; ऐकलेले शब्द वहीशी जुळले नाहीत की आम्ही `Esc` दाबून सुरुवातीला परत जात होतो. मामांच्या फोनवर एक जास्तीचे ॲप असल्याने एके ठिकाणी मोजणी एकाने चुकली. म्हणून मोजणीपेक्षा टॉकबॅकच्या शब्दांवर विश्वास ठेवा.

या वेळी फोन आपोआप लॉक होऊ नये म्हणून अधूनमधून एखादी कळ दाबत राहावे.

फोटो

फक्त फोटो हवे असतील तर एवढेच करायचे: फोन उघडा असताना Settings मध्ये जोडलेल्या उपकरणांच्या भागातील USB हा विभाग गाठा आणि File transfer निवडा. काही फोनवर केबल लावताच हा पर्याय समोर उघडतो. काहींवर आधी डेटा पाहू द्यायचा का असा प्रश्न येतो आणि Allow निवडावे लागते. पर्याय बदलताच यूएसबीची जोडणी एकदा तुटून पुन्हा होते आणि `scrcpy` ची खिडकी बंद पडते. यात बिघडले काही नाही. गरज असेल तर आज्ञा पुन्हा द्यावी.

काम झाले हे लगेच कळते: संगणकावर रिकामा दिसणारा फोन आता आतले फोल्डर दाखवतो. कॅमेऱ्याचे फोटो `DCIM/Camera` मध्ये असतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो नव्या अँड्रॉइडवर खोल दडलेले असतात, आणि लोक नेमके तेच विसरतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

सगळे एकदम ओढू नका. हजारो फोटो एका झटक्यात निवडले की ही जोडणी मध्येच अडकते आणि कोणते आले, कोणते राहिले ते कळत नाही. दोनशे-तीनशेच्या गटांनी कॉपी करा, Move कधीही करू नका, आणि प्रत्येक गटानंतर संख्या ताडून पाहा. शेवटी वेगवेगळ्या महिन्यांतले दहा-बारा फोटो उघडून बघा. छोटे चित्र दिसते पण उघडत नाही, असा फोटो पुन्हा कॉपी करावा लागतो.

नंबर

नंबरांची गोष्ट वेगळी आहे. ते कोणत्याही फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसत नाहीत. फोन त्यांना आतल्या बंद भागात ठेवतो, जिथे File transfer पोचत नाही. कॉन्टॅक्ट्सच्या ॲपमधून त्यांची `.vcf` फाइल बनवावी लागते, आणि हे केवळ ऐकून करणे फार वेळखाऊ आहे. त्यापेक्षा थोडे कष्ट घेऊन स्क्रीनच संगणकावर आणणे मला योग्य वाटते, म्हणजे पुढचे सगळे डोळ्यांसमोर होते.

त्यासाठी जुळ्या फोनच्या मदतीने ही वाट चालायची: Settings मधील About phone, तिथे Build number वर सात वेळा `Enter`, फोन पुन्हा पिन मागेल तो द्यायचा, मग Developer options मध्ये USB debugging सुरू करून खात्रीच्या प्रश्नाला OK. काही फोनमध्ये Build number आणखी एका पानाच्या आत असतो. जुळा फोन असेल तर ते आधीच कळते. आता टर्मिनलच्या दुसऱ्या खिडकीत ही आज्ञा द्या:

```
adb devices
```

फोनच्या क्रमांकापुढे `unauthorized` दिसले तर ती चांगली खूण आहे: फोनने काळ्या पडद्यावर परवानगीचा प्रश्न मांडला आहे. टॉकबॅक तो वाचते. `scrcpy --otg` च्या खिडकीतून Always allow वर खूण करा, Allow वर जाऊन `Enter` दाबा आणि आज्ञा पुन्हा द्या. `unauthorized` च्या जागी `device` आले की `scrcpy --otg` ची खिडकी बंद करून नुसते `scrcpy` चालवा. मामांच्या फोनचा पडदा लॅपटॉपवर जसाच्या तसा उमटला, मागे केळीच्या बागेचा फोटो आणि वर ६३ टक्के बॅटरी. फोनच्या दृष्टीने स्क्रीन कधीच बंद नव्हती. तो चित्र बनवतच होता, फक्त ते दाखवणारी काच मेली होती.

चित्र दिसते पण माउसचे क्लिक लागत नाहीत, असे काही कंपन्यांच्या फोनवर होते, कारण क्लिकसाठी त्यांची आणखी एक सुरक्षा सेटिंग असते. तेव्हा असे चालवा, फक्त त्यासाठी `scrcpy` ची २.४ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते:

```
scrcpy --keyboard=uhid --mouse=uhid
```

आता टॉकबॅक बंद करून टाका, नाहीतर प्रत्येक गोष्टीसाठी दोनदा क्लिक करावे लागेल. गुगलच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये Organize विभागात Export to file आहे. इथे ॲप कोणत्या खात्यातले नंबर काढायचे ते विचारते, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक समोर आलेले गुगल खाते निवडून मोकळे होतात, आणि जे नंबर आधीच सुरक्षित होते तेच पुन्हा काढतात. Device वेगळे काढा, सिमवरचे नंबर दिसत असतील तर तेही वेगळे काढा. फाइल Download मध्ये ठेवा आणि ती संगणकावर आणा. जोडीने फोटोही याच मार्गाने आणता येतात, आणि तो माउसने ओढण्यापेक्षा भरवशाचा आहे.

```
adb pull /sdcard/Download
adb pull /sdcard/DCIM
```

आलेल्या फाइलमध्ये खरोखर किती नंबर आहेत हे मोजून पाहावे:

```
grep -c BEGIN:VCARD Download/contacts.vcf
```

मामांच्या Device च्या फाइलने २८६ हा आकडा दिला, आणि ॲपमध्येही तितकेच दिसत होते. मराठीत नावे ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर "सुरेश गाडीवाला" च्या जागी `=E0=A4=B8` अशी अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नाही. अँड्रॉइड देवनागरी अक्षरे अशाच संकेतात लिहितो. ती दुरुस्त करायला जाऊ नका आणि एक्सेलमध्ये उघडून सेव्ह तर करूच नका. contacts.google.com वर Import केल्यावर नावे नीट मराठीत उमटतात. आम्ही ती मामांच्या खात्यात चढवली आणि यादीतला सर्वात जुना मजूर मुकादम निवडून त्याला माझ्या फोनवरून कॉल लावला. त्याने उचलल्यावरच मामा उठले.

यातले काही जमले नाही तर

कधी टॉकबॅक सुरूच होत नाही, कधी पॅटर्न असतो, कधी जुळा फोन मिळत नाही. अशा वेळी तात्पुरता डिस्प्ले लावणे हा सरळ मार्ग आहे. भुसावळ, जळगाव, धुळे, अगदी चोपडा-शिरपूरच्या बाजारातही चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे चालत्या मॉडेलचा फोल्डर किंवा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले यांचा जोड संच, असतो. त्याला सांगा की डिस्प्ले चिकटवायचा नाही; मागचे झाकण उघडून नव्या डिस्प्लेची पट्टी बोर्डावर टोचायची, तुमच्यासमोर डेटा काढायचा आणि डिस्प्ले परत घ्यायचा. उघडल्यावर तो जुन्या डिस्प्लेची पट्टीच काढून नीट बसवून बघेल, तेही करू द्या. पडल्यामुळे जोड सुटलेला असेल तर तेवढ्यानेच चित्र येते. या कामात बॅटरीचा जोड काढावा लागतो, म्हणून फोन बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि ठसा चालणार नाही. पिन तुमचा तुम्ही टाका. कागदावर लिहून देऊ नका. "सॉफ्टवेअर मारून देतो" किंवा "हार्ड रीसेट करून बघतो" असे कोणी म्हणाले, तर फोन उचलून घरी या. पहिल्यात बहुतेकदा आणि दुसऱ्यात हमखास कुलपाची किल्ली पुसली जाते आणि फोटो पुढे कोणालाही काढता येत नाहीत.

टाइप-सीला एचडीएमआयचे यंत्र जोडून टीव्हीवर चित्र बघा, असाही सल्ला मिळतो. तो खोटा नाही, पण छिद्रातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय मुख्यतः महागड्या फोनमध्ये असते. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये ती सहसा नसते, म्हणून आधी मॉडेलचे तपशील पाहूनच यंत्र विकत घ्या.

पिनच विसरला असेल तर यापैकी कोणताही मार्ग लागू होत नाही. चिप काढून वाचून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. किल्ली पिन आणि त्याच बोर्डावरच्या सुरक्षित हार्डवेअर या दोघांच्या जोडीने तयार होते, त्यामुळे चिप दुसरीकडे वाचली तरी हाती अर्थहीन आकडेच येतात.

डेटा हाती आल्यावर फोन दुरुस्तीला किंवा भंगारात देण्याआधी `scrcpy` च्या खिडकीतूनच USB debugging बंद करा. फोन विकायचा असेल, तर USB debugging आधी बंद करू नका, कारण ते बंद होताच ही खिडकीही बंद पडते; फोटो आणि नंबर दोन ठिकाणी पोचल्याची खात्री झाल्यानंतर त्याच खिडकीतून गुगल खाते काढा आणि मग Settings मधून सगळा डेटा पुसा. मामांनी विकला नाही. आठ दिवसांनी नवा कॉम्बो बसवून तोच फोन ते पुन्हा वापरू लागले, आणि त्याआधी मी त्यांच्या फोनमध्ये नवीन नंबर आपोआप गुगल खात्यात जातील अशी सेटिंग करून दिली.